नाईक धोंडू घाडगे आणि पंचवीस मिनिटांचा कलंक

यंदा सुट्टीत कॉर्नवॉलला जाऊन समुद्र बघायचा, असं घरात ठरलं होतं. मी गेले लंडनमधल्या क्यूला, ब्रिटनच्या राष्ट्रीय दप्तरात, जुने कागद बघायला. आणि मित्रांनो, आधीच सांगते, गेल्या वीस वर्षांत या देशात मी इतकी ठिकाणं पाहिली, पण एवढ्या ताठ मानेने एकाही प्रवासातून परत आले नव्हते.

निमित्त झालं पिनरच्या लीलामावशींचं. लीला घाडगे, लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवलेल्या, वय एक्क्याऐंशी, लीड्सच्या हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स, आता मुलाकडे पिनरला. एका रविवारी फोन आला.

"वैशाली, तू मंडळात एवढी भाषणं ठोकतेस. माझ्या आजोबांसाठी एकदा तोंड उघडशील का?"

आजोबा म्हणजे नाईक धोंडू घाडगे (नाईक हा फौजेतला हुद्दा), पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेलेल्या एका मराठा पलटणीतले. गाव सातारा जिल्ह्यातलं. नदीकाठच्या एका लढाईबद्दल सेनापतीने विलायतेला जो खलिता पाठवला, त्यात एक ओळ आहे: डाव्या बगलेवरची हिंदी कंपनी हुकूम मिळण्याआधीच मागे सरली. धोंडू घाडगे त्याच कंपनीत. गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेत ही ओळ मराठीत छापली गेली आणि तेव्हापासून त्या घराला नाव पडलं, "पळपुटे घाडगे". लीलामावशींच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते निघालं होतं. आता गाव युद्धावर गेलेल्यांच्या नावांची नवी शिळा बसवतंय. समितीचे प्रमुख माने गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं पत्र आलं होतं: धोंडू घाडगे यांच्याविषयी पुरावा असल्यास महिनाअखेर कळवावा, अन्यथा नाव घेता येणार नाही. हातात अकरा दिवस होते.

माझं रक्त तापलं. दप्तर साहेबाचं, लेखणी साहेबाची, आणि पळपुटे कोण, तर आमचे! मी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

गुरुवार: बेसिंगस्टोक ते पिनर

ऑफिस चारला सोडलं. एम थ्री, मग एम ट्वेंटीफाइव्ह. एरवी सव्वा तासाचा रस्ता, हीथ्रोपाशी गाड्यांची रांग लागली आणि अडीच तास गेले. गुरुवारी चारनंतर एम ट्वेंटीफाइव्हवर जाऊ नका, हा या लेखातला पहिला फुकटचा सल्ला. तुमची गाडी जुनी डिझेल असेल तर पिनर लंडनच्या स्वच्छ हवेच्या हद्दीत येतं, रोजचा आकार आधी बघून घ्या.

मावशींच्या घरी गरम पिठलं, भाकरी आणि इरा. इरा म्हणजे त्यांची नात, जन्म लीड्सचा, तिथेच युद्धेतिहासात पीएचडी करते. दुपारच्या ट्रेनने आली होती.

"काकू, उद्या कागद हातात येतील तेव्हा प्लीज भाषण नको," ती म्हणाली. "रीडिंग रूममध्ये बाहेर काढतात."

"अगं, खलिताच खोटा आहे. त्यात बघायचं काय?"

"खोटा नाही. उशिराचा आहे. डिस्पॅच म्हणजे जनरलने लढाईनंतर कितीतरी दिवसांनी सरकारला लिहिलेला रिपोर्ट. तो स्वतः तिथे उभा नव्हता. त्याच्यासमोर डिव्हिजनचा कागद, डिव्हिजनसमोर ब्रिगेडचा, ब्रिगेडसमोर पलटणीचा. मी उलटी जाते. वरून खाली. चूक कुठच्या पायरीवर शिरला, ते शोधायचं."

"शिरली," मावशींनी भाकरी उलटता उलटता सुधारलं.

"शिरली. माझा आजी फार स्ट्रिक्ट आहे."

शुक्रवार: क्यू

पिनरहून ए फोर्टी, हँगर लेनचा तो कुप्रसिद्ध चौक, मग खाली क्यू ब्रिज. ट्यूबने जाणार असाल तर क्यू गार्डन्स स्टेशनवरून दहा मिनिटं चालत. सगळे पर्यटक बागेकडे वळतात, आपण उलट दिशेला. दप्तराची इमारत काँक्रीटची, रुक्ष. समोर तळं, तळ्यात बदकं आणि एक बगळा, जो मला आमच्या मंडळाच्या खजिनदारांसारखा वाटला: एका पायावर उभा आणि कशालाही होकार न देणारा.

जायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा. मूळ कागद बघायला वाचकाचं कार्ड लागतं. ते मोफत मिळतं, पण ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे न्या. कागद आधी ऑनलाइन मागवून ठेवा. पेन नाही, फक्त पेन्सिल. सामान लॉकरमध्ये, सोबत न्यायचं ते पारदर्शक पिशवीत. फोटो काढायला परवानगी आहे. आणि स्वेटर न्या, आत थंडी असते.

टेबलावर पहिला खोका उघडला. युद्धडायरी. नाव डायरी असलं तरी ती कुणाची खाजगी वही नव्हे. लष्कराचा छापील तक्ता असतो: जागा, तारीख, तास, घडामोडी, शेरा. प्रत्येक पलटणीने तो रोज भरायचा. भरतो ॲडज्युटंट, म्हणजे पलटणीचा कारभार पाहणारा अधिकारी. पेन्सिलीचं अक्षर, कोपऱ्यात चिखलाचा की चहाचा डाग.

"पान उलटायच्या आधी अक्षर बघा," इरा कुजबुजली.

लढाईच्या आदल्या दिवसापर्यंत तिरकं, सुबक अक्षर. लढाईच्या दिवशी एकदम गोल, घाईचं.

"ॲडज्युटंट मेला," ती म्हणाली. "पुढचा पान दुसऱ्याने लिहिलाय, दोन दिवसांनी. खाली लिहिलंय बघा, जळालेल्या नोट्सवरून आणि वाचलेल्यांच्या सांगण्यावरून. म्हणून लोक यावर विश्वास ठेवत नाहीत. उशिरा लिहिलेला, आणि स्वतःच्या पलटणीची बाजू घेणारा."

आणि त्या गोल अक्षरात नोंद होती: ७.१२, डावी कंपनी जखमींसह जुन्या खंदकात मागे घेण्याचा ब्रिगेडचा हुकूम मिळाला. ७.१५, डावी कंपनी मागे निघाली, ब्रिगेडला कळवलं.

हुकूम मिळाला! काळ्यावर पांढरं नाही, पांढऱ्यावर काळं! मी फोटो काढला, जेवणाच्या सुट्टीत तळ्याकाठी आले आणि मावशींनी दिलेले धपाटे उघडायच्या आधी माने गुरुजींना तो फोटो आणि वर एक व्हॉइस मेसेज ठोकला. साम्राज्य, अन्याय, शंभर वर्षांचं असत्य, सगळं त्यात आलं. इरा कॅफेतून सूप घेऊन येईपर्यंत माझं भाषण साताऱ्याला पोचलं होतं.

"काकू! ब्रिगेडची डायरी अजून उघडली पण नाही!"

"उघडायची काय गरज?"

गरज होती. दोन वाजता दुसरा खोका आला. ब्रिगेडची डायरी टाइप केलेली, नीटनेटकी, सगळ्या वेळा ओळीने. ७.१५, डावी कंपनी मागे सरताना. ७.२५, डाव्या कंपनीस मागे घेण्याचा हुकूम धाडला.

आधी माघार, मग हुकूम. सेनापतीची ओळ इथूनच उचललेली. आणि आमच्या डायरीत हुकूम ७.१२ ला मिळालेला, म्हणजे तो धाडण्याच्या तेरा मिनिटं आधी.

तेवढ्यात फोन थरथरला. गुरुजींचं उत्तर. मी बाहेर जाऊन ऐकलं. शांत, मास्तरकीचा आवाज.

"ताई, भाषण झकास. पण ब्रिगेडचा कागद माझ्याकडे आहे, शिळेचं काम हाती घेतलं तेव्हा त्याची प्रत मागवली होती. हुकूम सुटला सात पंचवीसला. तुमच्याकडे पोचला सात बाराला. निघायच्या आधी पोचणारा हुकूम मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. पलटणीने मागाहून सारवासारव केली, एवढंच यातून दिसतं. नाव घेणं अवघड आहे."

लाज म्हणजे काय ते त्या तळ्याकाठी कळलं. मी पुरावा दिला नव्हता, उलट धोंडू नाईकांच्या पलटणीला खोटारडं ठरवायला माझ्याच हाताने दाखला दिला होता. आत्तापर्यंत "पळपुटे" होते, आता "पळपुटे आणि लबाड". मावशींना काय सांगू?

आत आले. इराला सांगितलं. वाटलं, रागावेल. ती पेन्सिल चावत म्हणाली, "गुरुजी हुशार आहेत. प्रश्न बरोबर विचारलाय. पण उत्तरं दोन आहेत. एक, पलटण खोटं बोलली. दोन?"

"दोन काय?"

"दोन, पलटणीची घड्याळ."

शनिवार: पुन्हा क्यू

शनिवारीही रीडिंग रूम उघडी असते, ही देवाची कृपा. मावशी या वेळी हट्टाने सोबत आल्या. "माझे आजोबा, आणि मी घरी बसून लाडू वळू काय?" कार्ड काढताना फोटोसाठी त्यांनी कुंकू नीट केलं.

इराने कागदावर तीन रकाने आखले: आमची पलटण, ब्रिगेड, आणि उजवीकडची शेजारची पलटण, जिची डायरी आज मागवली होती.

"अशी घटना शोधा जी सगळ्यांना एकाच क्षणी कळली," ती म्हणाली. "तोफ. स्फोट. कुणाच्या बाजूचं नाही, कुणाला लपवायचं कारण नाही."

शोधलं. तोफांचा भडिमार सुरू झाला: ब्रिगेड ५.३०, शेजारी ५.३०, आमची पलटण ५.०५. नदीतली दारूगोळ्याची नाव उडाली: ब्रिगेड ६.२०, शेजारी ६.२०, आमची पलटण ५.५५.

मी रकान्याकडे बघत राहिले. पंचवीस. आणि पुन्हा पंचवीस.

"एकदा जुळलं तर योगायोग असेल," इरा म्हणाली. "दोनदा तोच आकडा, आणि शेजारी ब्रिगेडच्या बाजूने. लढाईचा छापील हुकूम परिशिष्टात आहे, तोफा साडेपाचलाच ठरल्या होत्या. म्हणजे घड्याळ चुकीचं आहे आमच्याकडचं. पंचवीस मिनिटं मागे."

"पण का?"

तिने त्याच हुकुमाच्या शेवटच्या कलमावर बोट ठेवलं: प्रत्येक पलटणीने आदल्या संध्याकाळी एक अधिकारी घड्याळ लावून घ्यायला ब्रिगेडकडे पाठवावा. आणि आमच्या डायरीत, आदल्या दिवशी, त्या सुबक तिरक्या अक्षरात: वाट चिखलाची, पलटण ठरल्या वेळेच्या कितीतरी नंतर खंदकात पोचली. घड्याळ लावायला गेलंच नव्हतं कुणी. चिखलात पाय रुतलेली माणसं.

"आता बेरीज करा," इरा म्हणाली.

आमचे ७.१२ म्हणजे खरे ७.३७. हुकूम सुटला ७.२५ ला, पोचला ७.३७ ला. गोळ्यांच्या वर्षावात हरकाऱ्याला बारा मिनिटं. आमचे ७.१५ म्हणजे खरे ७.४०. हुकूम मिळाला, तीन मिनिटांनी कंपनी निघाली!

"थांब," मावशी म्हणाल्या. नर्सचा आवाज होता तो. "मग ब्रिगेडच्या स्वतःच्या डायरीत सात पंधराला मागे सरताना कसं लिहिलंय? त्यांचं घड्याळ तर बरोबर होतं."

मित्रांनो, हा प्रश्न ना मला सुचला, ना शंभर वर्षांत कुणाला. चाळीस वर्षं रुग्णांचे तक्ते भरलेल्या बाईला सुचला.

इराने ब्रिगेडच्या खोक्याच्या तळाची जाडी पाकिटं काढली. परिशिष्टं. डायरीला टाचलेल्या निरोपांच्या चिठ्ठ्या, मूळ, रणांगणावर लिहिलेल्या. एकेक उलगडत अर्धा तास गेला. मग ती सापडली, तळहाताएवढी. डावी कंपनी मागे येत आहे, जखमी सोबत. लिहिल्याची वेळ, पलटणीच्या हाताने: ७.१५. आणि कोपऱ्यात, ब्रिगेडच्या सिग्नलवाल्याच्या वेगळ्या, निळ्या पेन्सिलीने: मिळाली ८.०२.

"बघितलंत?" इराचा आवाज चढला आणि समोरच्या टेबलावरच्या गोऱ्या आजोबांनी वर पाहिलं. तिने आवाज खाली आणला. "ब्रिगेडने स्वतः काही पाहिलं नाही. लढाईनंतर कारकून चिठ्ठ्या समोर ठेवून डायरी टाइप करत होता. या चिठ्ठीवरची वेळ, आमच्या मागे पडलेल्या घड्याळाची, त्याने आपल्या घड्याळाच्या वेळांमध्ये बसवली. सात पंधरा, सात पंचवीसच्या वर. कुणी खोटं बोललं नाही, काकू. दोन घड्याळं एका रकान्यात गेली."

मी साम्राज्याविरुद्ध तयार करून आणलेलं भाषण तिथेच गिळलं. माझी मतं बदललेली नाहीत, साम्राज्याबद्दल मी अजूनही तेच बोलेन. पण धोंडू नाईकांना कलंक लागला तो कट करून नव्हे, एका थकलेल्या कारकुनाच्या एका ओळीने, आणि वरच्या तीन साहेबांनी खालची चिठ्ठी उघडून न बघितल्याने. तो धुतलाही त्याच दप्तराने, कारण कुणीतरी चिठ्ठी फेकली नव्हती. हे कबूल करायला मला जड गेलं, पण खरं ते खरं.

"म्हणजे ते शूर होते, झालं सिद्ध," मी म्हटलं.

"नाही," इरा म्हणाली. "सिद्ध झालं की हुकूम आधी होता. शूर होते का, हे घड्याळ सांगत नाही. आणि आजीचे आजोबा त्या कंपनीत त्या दिवशी होते का, हे पण अजून बघितलं नाही."

मग हजेरीपट. जुन्या काळी फौजेत दर महिन्याला हजेरी आणि पगाराचे पट असत. या युद्धातल्या हिंदी शिपायांचे पूर्ण पट फार थोडे मिळतात, डायरीतही गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं आणि शिपायांचा नुसता आकडा असतो. पण आमचं नशीब बलवत्तर. त्या गोल अक्षराच्या माणसाने कंपनीची नामावळी डायरीला जोडली होती. लढाईत उतरले एकशे चार. संध्याकाळच्या हजेरीला उभे अठ्ठावन्न. बाकी मृत, जखमी, बेपत्ता.

मावशींनी चष्मा पुसला. इराचं बोट नावांवरून सरकत थांबलं. धोंडू घाडगे, नाईक. पुढे शिक्का नव्हे, पेन्सिलीचा एक शब्द: बेपत्ता.

मावशी खुर्चीत मागे रेलल्या. "म्हणजे गेलेच होते का रे देवा पळून."

"आजी, थांब. लढाईच्या संध्याकाळची हजेरी म्हणजे घाईचा फोटो. माणूस दुसऱ्या खंदकात असतो, डॉक्टरकडे असतो. दुसरी हजेरी नेहमी बघायची."

दुसरा पट पुढच्या दिवसाचा. तेच नाव, तोच शिपाई क्रमांक, म्हणजे त्याच नावाचा दुसरा कुणी नव्हे. बेपत्ता खोडलेलं. शेजारी: जखमी, डावा हात. दोन जखमींसह परत रुजू.

मग मावशी हळूच म्हणाल्या, "म्हणून ते ताट कधी डाव्या हाताने उचलत नसत. आम्हाला म्हणायचे, बैलाने मारलं. आम्ही पोरं हसायचो त्या बैलाला."

त्यांनी हातमोजा घातल्यासारखी स्वतःची डावी मूठ मिटली, उघडली. मग म्हणाल्या, "इरा, ते सगळं गुरुजींना पाठव. फोटो, रकाने, सगळं. आणि वैशाली, तू बोलू नकोस. कागदच बोलू दे."

मी बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

परतताना पिनर हाय स्ट्रीटवर तिघींनी फिश अँड चिप्स घेतले आणि वर मावशींच्या पर्समधली शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. हा मेन्यू मी तुम्हाला मनापासून सुचवते.

घरी, बेसिंगस्टोक

सोमवारी दुपारी गुरुजींचा फोन आला. माझ्याकडे फोन कानाला धरायचं धैर्य नव्हतं, स्पीकरवर टाकला.

"ताई, मी पंचवीस मिनिटांचं गणित तीनदा केलं. नववीच्या वर्गालाही घातलं. तिन्ही वेळा तेच आलं. माझ्याकडे ब्रिगेडच्या डायरीची प्रत होती, चिठ्ठ्यांची नव्हती. आणि मी त्या मागितल्याही नाहीत. पुस्तिकेतली ती ओळ मी लाल शाईने खोडली आहे. शाळेत ज्या ज्या प्रती आहेत त्या सगळ्यांत. माझ्या हाताने."

चूक एवढ्या लख्ख शब्दांत मान्य करणारा माणूस मी व्यासपीठांवर फार कमी पाहिला आहे. गुरुजी, तुम्हाला दंडवत.

शिळेवर काय कोरायचं, हे त्यांनी मावशींना विचारलं. मी "रणधुरंधर" सुचवणार होते. मावशी म्हणाल्या, "शूर नको, वीर नको. नाव, हुद्दा, आणि खाली: हुकुमाप्रमाणे मागे आले, दोन जखमी सोबत आणले. जेवढं कागदात आहे तेवढंच."

या प्रवासाने मला काय दिलं? मी आजही म्हणते, इतिहास आपण स्वतः वाचला पाहिजे, दुसऱ्याने वाचून दाखवलेला नव्हे. पण आता पुढे हेही म्हणते की वाचायचा तर खोक्याच्या तळापर्यंत वाचा. खलिता वाचलात तर डायरी मागा, डायरी वाचलीत तर चिठ्ठी मागा, पहिली हजेरी पाहिलीत तर दुसरी मागा. आणि घड्याळ कुणाचं आहे, ते आधी विचारा. तुमच्या घरातही एखादा धोंडू नाईक असेल. दोन पुरावे घ्या, एक पेन्सिल घ्या, स्वेटर घ्या आणि निघा.

शिळा बसली त्या सकाळी आम्ही तिघी तीन ठिकाणांहून व्हिडिओवर होतो: मी इथे, इरा लीड्सला, मावशी पिनरला पैठणी नेसून. गुरुजी माइकवर नावं वाचत होते, प्रत्येक नावाला त्या घरातलं कुणीतरी उभं राहत होतं.

"नाईक धोंडू घाडगे."

गावात त्या घरातलं आता कुणी राहत नाही. मैदानात कुणी उठलं नाही. मग माझ्या फोनमधून, पिनरच्या स्वयंपाकघरातून, साताऱ्याच्या लाउडस्पीकरवर एक्क्याऐंशी वर्षांचा आवाज खणखणीत वाजला:

"हजर!"